बंदी गावाची, मोजणी चौकटीची: वारंवार मोजलेल्या प्लॉटांच्या विदेत गावाचा यादृच्छिक परिणाम कधी घ्यावा

चराईबंदीचा निर्णय कोणी शेतकरी एकट्याने घेत नाही. ग्रामसभा ठराव करते, गायरानात आणि डोंगरउतारावर जनावरे सोडायची नाहीत असे ठरते आणि तो ठराव साऱ्या गावाला लागू होतो. महाराष्ट्रातल्या आदर्श गाव योजनेत चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी ही बंधने अशीच गावाने मिळून पाळायची असतात. बंदीमुळे गवत किती वाढले हे पाहायला जाणारा अभ्यासक मात्र गाव मोजत नाही. तो एक मीटर बाजूची चौकट टाकतो, तिच्यातली कुसळी, पवना, मारवेल विळ्याने कापतो आणि वजन करतो. निर्णय गावाच्या पातळीवर झालेला असतो आणि आकडा चौकटीच्या पातळीवर हाती येतो. विश्लेषण करताना हा फरक नजरेआड झाला, तर अगदी प्रामाणिकपणे केलेल्या मोजणीतूनही चुकीचा निष्कर्ष निघतो. तो कसा निघतो आणि मिश्र-परिणाम मॉडेलमधला गावाचा यादृच्छिक परिणाम तो कसा रोखतो, हे एका प्रकरणाच्या आधारे येथे मांडले आहे.

प्रकरणाची ठेवण प्रत्यक्ष कामात वारंवार दिसते तशीच आहे. आकडे मात्र कागदावर हिशेब करता यावा म्हणून मी ठरवलेले आहेत. ते कोणत्याही अभ्यासाचे निष्कर्ष नाहीत.

मोजणी कशी झाली

कमी पावसाच्या पट्ट्यातली १२ गावे घेतली आहेत. त्यांपैकी ६ गावांत चराईबंदी आहे आणि ६ गावांत गुरे मोकळी चरतात. प्रत्येक गावाच्या गायरानात १० मीटर बाजूचे ५ प्लॉट आखले असून त्यांच्या चारही कोपऱ्यांवर लोखंडी खुंट्या ठोकल्या आहेत. पाऊस संपल्यावर आणि गवतकापणी सुरू होण्याआधी, म्हणजे ऑक्टोबरात, प्रत्येक प्लॉटमध्ये एकदा चौकट टाकली जाते. चौकटीतले गवत जमिनीपासून ५ सेंटिमीटर उंचीवर कापून, भट्टीत वजन स्थिर होईपर्यंत वाळवून ग्रॅममध्ये तोलले जाते. प्लॉट तोच राहतो, पण चौकटीची जागा त्या प्लॉटच्या आत दर वर्षी बदलते, कारण त्याच तुकड्यावर दर वर्षी विळा चालवला तर आपण चराईचा नव्हे, आपल्याच कापणीचा परिणाम मोजू लागतो. हे चार वर्षे चालले. १२ गावे, गावात ५ प्लॉट, प्लॉटच्या ४ नोंदी, अशा एकूण २४० ओळी तयार झाल्या.

बंदीच्या गावांत सरासरी कोरडे गवत चौरस मीटरला २५० ग्रॅम आणि खुल्या गावांत २१० ग्रॅम निघाले. फरक ४० ग्रॅमचा आहे. तो खरा मानायचा की गावागावांत असणाऱ्या नेहमीच्या फरकाचा तो एक योगायोग आहे, एवढाच प्रश्न आहे. उत्तर देण्यासाठी या ४० ग्रॅमची प्रमाण त्रुटी काढावी लागते, आणि सारा घोटाळा तिथेच होतो.

एकाच विदेतून तीन उत्तरे

एका चौकटीतला आकडा सरासरीपासून दूर का जातो, याची तीन कारणे वेगळी करता येतात. पहिले कारण गाव. गायरानाची माती किती खोल आहे, उतार कोणत्या दिशेला आहे, पूर्वी तिथे किती वर्षे शेळ्या चरल्या, या गोष्टी त्या गावाच्या सगळ्या वीस नोंदींना एकाच दिशेने ढकलतात. गावांमधल्या या फरकाचे प्रमाण विचलन ६० ग्रॅम धरू. दुसरे कारण प्लॉट. एका गावातही एक प्लॉट मुरमावर आणि दुसरा खोलगट जागी असतो; गावाच्या आत प्लॉटांमधले विचलन ३० ग्रॅम धरू. तिसरे कारण म्हणजे उरलेली अनिश्चितता: चौकट नेमकी कुठे पडली, त्या वर्षी त्या तुकड्यात काय उगवले, कापताना किती सांडले. तिचे विचलन ४० ग्रॅम धरू. विचलनांची बेरीज सरळ होत नाही, त्यांच्या वर्गांची, म्हणजे प्रचरणांची होते: ३६००, ९०० आणि १६००, एकूण ६१००.

पहिला विश्लेषक २४० ओळींना २४० स्वतंत्र मोजण्या समजतो. प्रत्येक गटात १२० ओळी असल्याने त्याच्या लेखी फरकाचे प्रचरण २ × ६१०० ÷ १२०, म्हणजे सुमारे १०२, आणि प्रमाण त्रुटी १०.१ ग्रॅम येते. ४० ला १०.१ ने भागले की जवळपास ४ मिळतात. असा निकाल पाहून कोणीही बंदी सिद्ध झाली असे लिहील.

दुसरा विश्लेषक अधिक सावध आहे. एकाच प्लॉटच्या चार वर्षांच्या नोंदी एकमेकींपासून स्वतंत्र नसतात हे त्याला माहीत आहे, म्हणून तो प्लॉटचा यादृच्छिक परिणाम घालतो. आता त्याच्याकडे प्रत्येक गटात ३० स्वतंत्र प्लॉट आहेत. गावाचा आणि प्लॉटचा फरक त्याच्या मॉडेलमध्ये एकत्र मिसळून प्लॉटचे प्रचरण ४५०० होते. चार वर्षांची सरासरी घेतल्याने उरलेले प्रचरण १६०० ÷ ४, म्हणजे ४०० होते. फरकाचे प्रचरण २ × ४९०० ÷ ३० आणि प्रमाण त्रुटी १८.१ ग्रॅम. भागाकार २.२ येतो आणि पी-मूल्य ०.०३ च्या आसपास. उत्तर मवाळ झाले, तरी प्रचलित कसोटीला ते अजून उतरते. माझ्या मते सर्वांत धोक्याची जागा हीच आहे. पहिल्या विश्लेषकाची चूक परीक्षक ओळखतात. दुसऱ्याने मिश्र-परिणाम मॉडेल वापरलेले असते, वारंवार मोजणीची दखल घेतलेली असते, त्यामुळे पुढे कोणी काही विचारत नाही.

तिसरा विश्लेषक आधी एकच प्रश्न विचारतो: बंदी कशाला लागू झाली? चौकटीला नाही, प्लॉटलाही नाही, गावाला. म्हणून बंदीची स्वतंत्र उदाहरणे सहा आहेत आणि बंदी नसल्याचीही सहा. एका गावाच्या सरासरीचे प्रचरण असे बनते: गावाचे ३६००, प्लॉटांचे ९०० ÷ ५ म्हणजे १८०, आणि उरलेले १६०० ÷ २० म्हणजे ८०. एकूण ३८६०. दोन गटांत सहा-सहा गावे असल्याने फरकाचे प्रचरण २ × ३८६० ÷ ६ आणि प्रमाण त्रुटी ३५.९ ग्रॅम. भागाकार १.१. बारा गावांतून दोन सरासरी काढल्यावर उरणारे मुक्ततेचे अंश १० आहेत, त्यामुळे ९५ टक्क्यांची मर्यादा साधारण उणे ४० ते अधिक १२० ग्रॅम अशी पसरते. बंदीने गवत १२० ग्रॅमने वाढले असेल, किंवा मुळीच वाढले नसेल. या विदेवरून यापेक्षा अधिक काही म्हणता येत नाही.

तिसऱ्याचे उत्तर पडताळायला संगणकही लागत नाही. प्रत्येक गावाच्या वीस नोंदींची सरासरी काढावी, बारा आकडे एका कागदावर मांडावेत आणि त्यांवर साधी टी-कसोटी करावी. सर्व गावांत प्लॉट आणि वर्षे सारखी असतील, तर ही कसोटी आणि गावाचा यादृच्छिक परिणाम असलेले मॉडेल एकच उत्तर देतात. मॉडेलचे उत्तर या बारा आकड्यांच्या उत्तराहून फार आशादायक दिसले, तर मॉडेलमधून गाव कुठेतरी निसटले आहे असे समजावे. मी ही पडताळणी कधी टाळत नाही.

स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये या चुकीला नाव दिले आणि १७६ प्रायोगिक अभ्यास तपासून त्यांपैकी २७ टक्क्यांत ती दाखवली. मराठीत तिला खोटी पुनरावृत्ती म्हणता येईल: उपचाराची पुनरावृत्ती झालेली नसते, मोजणीची झालेली असते.

मॉडेल लिहिताना

आर या संगणकभाषेत ही तीन मॉडेले पुढीलप्रमाणे लिहिली जातात.

```r
library(lmerTest)
m1 <- lm(biomass ~ closed + factor(year), data = d)
m2 <- lmer(biomass ~ closed + factor(year) + (1 | plot_id), data = d)
m3 <- lmer(biomass ~ closed + factor(year) + (1 | village/plot), data = d)
summary(m3, ddf = "Kenward-Roger")
```

वर्ष येथे स्थिर परिणाम म्हणून घेतले आहे. दुष्काळाचे वर्ष सगळ्याच गावांचे गवत खाली आणते, तो फरक आपल्याला वेगळा काढून ठेवायचा आहे, आणि चार वर्षांवरून वर्षांच्या प्रचरणाचा अंदाज बांधणे तसेही कच्चे ठरते. शेवटच्या ओळीतली केनवर्ड-रॉजर पद्धत मुक्ततेचे अंश काढते. `closed` च्या ओळीत तो आकडा १० च्या जवळ दिसला पाहिजे. तिथे ५८ किंवा २३५ दिसले, तर मॉडेलने प्लॉट किंवा ओळी मोजल्या आहेत, गावे नव्हे.

एक बारीक पण महागात पडणारी चूक क्रमांकांची आहे. मैदानी वहीत प्रत्येक गावातल्या प्लॉटांना १ ते ५ असेच क्रमांक दिलेले असतात. कोणी `(1 | plot)` लिहिले, तर पहिल्या गावातला १ क्रमांकाचा प्लॉट आणि बाराव्या गावातला १ क्रमांकाचा प्लॉट हे एकच आहेत असे संगणक समजतो. चूक असल्याचा इशारा येत नाही, निकाल छापून येतो. ती ओळखण्याची खूण निकालाच्या मध्यावर, सहसा न वाचल्या जाणाऱ्या एका ओळीत असते:

```
Number of obs: 240, groups:  plot:village, 60; village, 12
```

येथे ६० आणि १२ दिसले तर मांडणी बरोबर आहे. `plot, 5` असे दिसले, तर साठ प्लॉटांचे पाच झालेले आहेत. मी कोणाचेही मॉडेल पाहताना गुणक पाहण्याआधी ही ओळ वाचतो.

यादृच्छिक म्हणजे नेमके काय

प्रत्येक गावाला मॉडेलमध्ये स्वतःचा स्थिर आकडा का देऊ नये, असा प्रश्न येथे रास्त आहे. या प्रकरणात तसे करताच येत नाही. एखादे गाव एकतर बंदीचे आहे किंवा खुले आहे. गावांचे आकडे एकदा दिले की बंदीसाठी स्वतंत्र माहिती उरत नाही. `lm(biomass ~ closed + village)` असे लिहिले तर आर एका गावाच्या गुणकाजागी `NA` छापते आणि `closed` चा जो आकडा उरतो तो बंदीचा परिणाम नसून दोन विशिष्ट गावांमधला फरक असतो. तो `NA` किरकोळ समजून पुढे जाणारे पुष्कळ दिसतात. वास्तविक तो आकडा सांगत असतो की मांडलेल्या प्रश्नाला या मॉडेलमध्ये उत्तरच नाही.

यादृच्छिक परिणामात आपण बारा वेगळे आकडे मागत नाही. आपण म्हणतो की ही बारा गावे अशाच प्रकारच्या पुष्कळ गावांमधून आलेली आहेत, त्यांचे सरासरीपासूनचे अंतर शून्याभोवती पसरलेले आहे, आणि आपल्याला त्या पसाऱ्याची रुंदी, म्हणजे ३६०० हे प्रचरण, हवी आहे. बंदीच्या आणि खुल्या गटांतला फरक या पसाऱ्याच्या तुलनेत पाहिला जातो.

यातून गावांचे वैयक्तिक अंदाजही मिळतात, पण ते सरासरीकडे ओढलेले असतात. समजा एका गावाची चार वर्षांची, पाच प्लॉटांची सरासरी आपल्या गटापेक्षा ९० ग्रॅमने कमी आहे. मॉडेल त्या ९० ला ३६०० ÷ ३८६०, म्हणजे ०.९३ ने गुणते आणि गावाचा परिणाम उणे ८४ धरते. आता दुसरे गाव घ्या, जिथे खुंट्या उपटल्या गेल्याने एकाच प्लॉटची एकाच वर्षाची नोंद हाती आहे आणि तीही ९० ने कमी आहे. तिथे गुणक ३६०० ÷ ६१००, म्हणजे ०.५९ होतो आणि अंदाज उणे ५३ वर थांबतो. एका चौकटीवरून साऱ्या गायरानाबद्दल ठाम बोलू नये, हे शहाणपण मॉडेलच्या गणितातच आहे. म्हणूनच काही प्लॉट मधल्या वर्षी निसटले, तर अर्धवट ओळी काढून टाकण्याची गरज पडत नाही. बारा सरासरींची साधी कसोटी मात्र अशा वेळी लंगडी पडते, कारण वीस नोंदींचे गाव आणि एका नोंदीचे गाव ती सारखेच मोजते.

फरक दर वर्षी वाढतो का

वारंवार मोजणी करण्यामागे खरा प्रश्न बहुधा हा असतो. बंदी घातल्याबरोबर गवत वाढत नाही. बहुवर्षायू गवतांच्या ठोंबांना जोर धरायला वेळ लागतो. म्हणून दोन गटांतला फरक वर्षागणिक किती रुंदावतो हे पाहिले जाते. समजा तो दर वर्षी १२ ग्रॅमने रुंदावताना दिसला.

येथे वरचे तिसरे मॉडेलही अपुरे पडते, आणि हे लक्षात न आल्याने चांगल्या अभ्यासांचेही नुकसान होते. `(1 | village/plot)` मध्ये गावांची पातळी वेगवेगळी असू शकते, पण काळाबरोबरची चढण सगळ्या गावांत सारखीच मानलेली असते. तसे मानले तर एका गावाच्या चढणीतली अनिश्चितता केवळ चौकटींच्या फरकामुळे येते. ०, १, २, ३ या चार वर्षांसाठी मध्यापासूनच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज ५ होते. पाच प्लॉट धरून प्रचरण १६०० ÷ २५, म्हणजे ६४. सहा-सहा गावांच्या फरकाची प्रमाण त्रुटी ४.६ ग्रॅम आणि १२ ÷ ४.६ म्हणजे २.६. निकाल पक्का वाटतो.

पण गावांची चढण सारखी नसते. एका गावात बंदी कसोशीने पाळली जाते, दुसऱ्यात रात्री गुरे शिरतात, तिसऱ्यात शेजारचा ओढा अडवल्याने ओल टिकते. बंदी नसलेल्या गावांतही जनावरांची संख्या कमी-जास्त होत असते. या चढणींचे गावागावांतले विचलन वर्षाला १५ ग्रॅम असेल, तर प्रचरण ६४ वरून २२५ + ६४, म्हणजे २८९ होते, प्रमाण त्रुटी ९.८ आणि भागाकार १.२. म्हणून काळाचा प्रश्न असेल तेव्हा गावाला चढणीचाही यादृच्छिक परिणाम द्यावा लागतो:

```r
m4 <- lmer(biomass ~ closed * t + factor(year) +
             (1 + t | village) + (1 | village:plot), data = d)
```

`t` हे मध्यावर आणलेले वर्ष आहे. `factor(year)` असल्याने एकट्या `t` चा गुणक काढता येत नाही आणि `lmer` एक स्तंभ गाळल्याचे कळवते. ते येथे अपेक्षितच आहे, कारण आपल्याला हवा असलेला `closed:t` शाबूत राहतो. चार वर्षे आणि बारा गावे एवढ्याच विदेवर हे मॉडेल कधी कधी `boundary (singular) fit` असेही सांगते. याचा अर्थ एखादे प्रचरण शून्यावर किंवा पातळी आणि चढण यांचा सहसंबंध ±१ वर जाऊन टेकला आहे. अशा वेळी मी आधी `(1 + t || village)` लिहून सहसंबंध काढून टाकतो. तरीही टेकत असेल, तर गावागणिक सरळ रेषा काढून बारा चढणींवर टी-कसोटी करतो. मॉडेल तक्रार करते म्हणून गावाची चढणच काढून टाकणे आणि २.६ वर समाधान मानणे हा उपाय नाही, कारण बारा गावांवरून शून्य आलेला अंदाज खरे प्रचरण शून्य असल्याचा पुरावा नसतो.

लगतच्या वर्षांच्या नोंदी दूरच्या वर्षांच्या नोंदींपेक्षा अधिक सारख्या असतात, ही शंकाही रास्त आहे, आणि आरच्या `nlme` या पॅकेजमधल्या `corAR1` ने ती मॉडेलमध्ये आणता येते. चार वर्षांच्या विदेत तिचा अंदाज फारसा पक्का येत नाही. दहा-पंधरा वर्षांच्या नोंदींत मात्र ती टाळू नये.

गावाचा परिणाम कधी लागतो, कधी वेगळे काम करतो

वरच्या प्रकरणात गावाचा यादृच्छिक परिणाम अनिवार्य आहे, कारण बंदी गावालाच लागू आहे. मांडणी बदलली की त्याचे कामही बदलते. समजा बारा गावांपैकी प्रत्येकात गायरानाचा एक भाग कुंपणाने बंद केला आणि तीन प्लॉट आत, तीन बाहेर ठेवले. आता तुलना गावाच्या आतच होते. गावाची माती आणि पाऊस दोन्ही बाजूंना सारखाच असल्याने ३६०० वजाबाकीत निघून जातात. एका गावातल्या फरकाचे प्रचरण २ × १३०० ÷ ३, म्हणजे ८६७, आणि बारा गावांच्या सरासरीची प्रमाण त्रुटी ८.५ ग्रॅम. ३५.९ आणि ८.५ यांतले अंतर केवळ मांडणीमुळे पडले आहे. या मांडणीत गाव मॉडेलमध्ये घातले नाही, तर उलट नुकसान होते: गावांमधला मोठा फरक उरलेल्या अनिश्चिततेत मिसळतो आणि खरा परिणामही दिसेनासा होतो. मात्र कुंपणाचा लाभ प्रत्येक गावात वेगळा असेल, समजा त्याचे विचलन २५ ग्रॅम असेल, तर तेही `(1 + closed | village)` असे लिहून घ्यावे लागते आणि प्रमाण त्रुटी ८.५ वरून ११.१ होते.

या दोन्ही बाजू एकाच खऱ्या विदेत पाहायच्या असतील, तर इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड केंद्रातला ओट पिकाचा प्रयोग पाहावा. फ्रँक यीट्स यांनी तो १९३५ मध्ये प्रसिद्ध केला आणि त्याची विदा आरच्या `MASS` या पॅकेजमध्ये `oats` या नावाने आहे. सहा गटांत प्रत्येकी तीन मोठे प्लॉट असून एकेका प्लॉटवर एक वाण आहे, आणि प्रत्येक मोठ्या प्लॉटचे चार तुकडे करून त्यांना नत्राच्या चार मात्रा दिल्या आहेत. वाणांची तुलना मोठ्या प्लॉटांच्या पातळीवर केली, तर एफ-गुणोत्तर १.४९ आणि पी-मूल्य ०.२७ येते. मोठ्या प्लॉटचा परिणाम विसरून फक्त गट ठेवले, तर तेच गुणोत्तर ३.५१ होते आणि पी-मूल्य ०.०४ च्या खाली जाते. वाण वेगळे आहेत असा भास होतो. नत्राच्या बाबतीत उलट घडते. नत्र मोठ्या प्लॉटच्या आत दिलेले असल्याने योग्य मांडणीत त्याचे गुणोत्तर ३७.७ येते, आणि गट व प्लॉट दोन्ही विसरल्यास ते १३ च्या आसपास घसरते. एकाच वेळी एक चूक खोटा आत्मविश्वास देते आणि खरा परिणाम दुबळाही करते. कोणत्या प्रश्नाचे काय होईल हे उपचार कोणत्या पातळीवर दिला यावर ठरते.

गावे दोन किंवा तीनच असतील, तर यादृच्छिक परिणामाचा आग्रह धरू नये. दोन आकड्यांवरून पसाऱ्याची रुंदी काढता येत नाही. पाचांहून कमी गावे असतील तर स्थिर परिणाम घ्यावा, असा ढोबळ संकेत आहे. पण तो फक्त गावाच्या आतल्या तुलनेसाठी चालतो. एक गाव बंदीचे आणि एक खुले अशी मांडणी असेल, तर प्लॉट पाच असोत वा पाचशे, बंदीचा परिणाम आणि गावाचा फरक कोणतेही मॉडेल वेगळा करू शकत नाही, आणि तसे स्पष्ट लिहिणे हेच विश्लेषकाचे काम ठरते.

यादृच्छिक परिणामाची आणखी एक मर्यादा आहे, आणि चराईबंदीच्या अभ्यासात ती फार जवळची आहे. गावाचे सरासरीपासूनचे अंतर आणि बंदी यांचा परस्परसंबंध नाही, असे हे मॉडेल गृहीत धरते. प्रत्यक्षात ज्या गावाचे गायरान आधीपासून बरे आहे, किंवा ज्या गावाची एकी आहे, तेच गाव बंदीचा ठराव करण्याची शक्यता जास्त असते. तसे असेल तर ४० ग्रॅममधला काही भाग बंदीच्या आधीचाच आहे, आणि `(1 | village)` त्याची प्रमाण त्रुटी मोठी करेल, पण तो भाग वजा करणार नाही. त्यासाठी बंदीच्या आधीच्या एखाद्या वर्षाची मोजणी लागते, म्हणजे प्रत्येक गावाची तुलना त्याच्याच जुन्या आकड्याशी करता येते.

पुढच्या फेरीची आखणी

३८६० या आकड्याची फोड पुन्हा पाहिली तर पुढे काय करायचे ते कळते. त्यातले ३६०० गावांचे आहेत. प्रत्येक गावात ५ ऐवजी २० प्लॉट घातले, म्हणजे मेहनत चौपट केली, तर प्रचरण ३६६५ होते आणि प्रमाण त्रुटी ३५.९ वरून जेमतेम ३५ वर येते. त्याऐवजी गावे २४ केली आणि प्रत्येकात दोनच प्लॉट ठेवले, तर एका गावाचे प्रचरण ४२५० होते, पण गटात १२ गावे असल्याने प्रमाण त्रुटी २६.६ वर उतरते. आणि एकूण प्लॉट ६० वरून ४८ झालेले असतात. जीपच्या फेऱ्या वाढतात, विळ्याचे काम कमी होते. खर्च मुख्यतः प्रवासाचा असेल तर मधला मार्ग काढावा लागेल, पण त्याच गावात आणखी चौकटी टाकण्यात पैसे घालू नयेत.

मोजणीचा अहवाल लिहिताना या प्रकरणात मी पुढील वाक्य ठेवीन: बंदीच्या सहा गावांत खुल्या सहा गावांपेक्षा कोरडे गवत चौरस मीटरला सरासरी ४० ग्रॅमने जास्त आढळले, ९५ टक्क्यांची मर्यादा उणे ४० ते अधिक १२० ग्रॅम, गावांमधले प्रमाण विचलन ६० ग्रॅम, गावाच्या आत प्लॉटांमधले ३० ग्रॅम आणि उरलेले ४० ग्रॅम. शेवटचे तीन आकडे अहवालात बहुधा गाळले जातात, आणि पुढची फेरी आखणाऱ्याला नेमके तेच लागतात.